रविवार, अडीच ते साडेपाच

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मार्च महिन्याचा दुसरा आठवडा होता, आणि बाई टेबलावर दोन मोठे कागद खळीने जोडून त्यावर पट्टीने रेघा मारत बसल्या होत्या.

बाई म्हणजे मोटार वाइंडिंगच्या वर्गाच्या कारकून. लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो वर्ग भरे. एका खोलीत लाकडी बाकं आणि त्यांवर उघडून ठेवलेल्या विजेच्या जळक्या मोटारी. दुसऱ्या खोलीत बाईंचं टेबल, कपाट आणि भिंतीवर एक घड्याळ, जे रोज चार मिनिटं पुढे जायचं आणि बाई रोज सकाळी ते चार मिनिटं मागे आणायच्या. शिकवायला मास्तर. चाळीस वर्षं मोटारींत तार भरून त्यांच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती, की ते स्वतःच म्हणत, "चोरी केली तर पोलिसांना ठसे सापडायचे नाहीत."

आठवडाभर संध्याकाळी पोरं शिकायला येत. पण त्या वर्षी पहिल्यांदाच नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांची तुकडी काढायची ठरलं होतं. आठवड्यातून एक दिवस, तीन तास, चाळीस आठवडे. शेवटी परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. आठ जणांनी नावं दिली होती आणि आठांच्या आठ तऱ्हा. कुणी रात्रपाळीचा, कुणी तुटक पाळीचा, कुणाची पाळी दर आठवड्याला फिरणारी. त्यांना एका बाकावर बसवायचं म्हणजे बेडकं तराजूत मोजण्यातला प्रकार.

दुसरा कुणी कारकून असता तर त्याने हात वर करायला लावले असते आणि ज्याचा आवाज मोठा त्याची वेळ धरली असती. बाईंची रीत वेगळी होती. दर माणसाला कागदावर एक आडवी पट्टी. शनिवार-रविवारचे तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत पाडलेले. कामाचे तास लाल पेन्सिलीने, जाण्यायेण्याचे निळ्या, झोपेचे पिवळ्या. ज्याची पाळी फिरती त्याला तीन आठवड्यांच्या तीन पट्ट्या, कारण तिन्ही पाळ्यांचा फेरा पुरा झाल्याशिवाय त्याचं खरं रूप कळत नाही. सगळं रंगवून झालं, की वरून खाली बघत जायचं. ज्या उभ्या रांगेत सगळ्यांच्या चौकटी पांढऱ्या, ती वर्गाची वेळ.

पिवळा रंग बाईंनी आपल्या मनाने घातला होता. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळी करून सरळ वर्गाला आलेला एक मुलगा तारेला डाख देताना बाकावरच पेंगला आणि डाख द्यायची तापलेली सळई मनगटावर पडली. तेव्हापासून बाई विचारायच्या, "झोपता कधी?" आणि प्रवासाचा वेळ विचारताना आधी विचारायच्या, "घरून की कामावरून?" कारण माणूस नेहमी घरूनच निघतो असं नाही. मास्तर चेष्टा करायचे, "बाई, लग्नाच्या मुलीचीसुद्धा कुणी एवढी चौकशी करत नाही."

तर त्या आठवड्यात सगळे माहिती द्यायला आले.

पाववाला पहाटे तीनला बेकरीत हजर, नऊला मोकळा. रविवारीसुद्धा. संध्याकाळी साडेसहाला झोपायचा. "कोंबड्यांबरोबर झोपतो आणि कोंबड्यांच्या आधी उठतो," म्हणाला. कंडक्टरची रविवारी तुटक पाळी, पहाटे पाच ते नऊ आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा, मधले तास रिकामे. टायरच्या कारखान्यातले दोघं जण एकमेकांचे मेहुणे, एकाच पाळीत, एकाच सायकलीवर. त्यांची पाळी दर आठवड्याला फिरायची. रात्रपाळी रविवारी रात्री दहाला सुरू होऊन शनिवारी पहाटे संपायची, म्हणजे रविवारचा दिवस तिन्ही आठवडे हाती. बाकीचे तीन दिवसपाळीचे, त्यांचा प्रश्नच नव्हता.

आठवा डब्यांच्या कारखान्यातला होता. पत्र्याचे डबे बनवायच्या यंत्रावर, कायम दुसरी पाळी, दुपारी दोन ते रात्री दहा. पस्तिशीचा, अंगाने किरकोळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. कारखान्यापासून घर सव्वा तास, घरापासून वर्ग तास. रविवारी सुट्टी. बाईंनी त्याची पट्टी रंगवली तर रविवारी सकाळी सातनंतर सगळं कोरं. एवढी पांढरी पट्टी कुणाचीच नव्हती.

"तुमचं बरंय हो," बाई म्हणाल्या. "रविवार अख्खा तुमचा."

तो नुसता हसला.

सगळे रंग भरून झाल्यावर बाईंनी पट्टी उभी धरून कागद तपासला. एक नाही, दोन रांगा पांढऱ्या निघाल्या. रविवारी सकाळी दहा ते एक, आणि रविवारी दुपारी अडीच ते साडेपाच.

खरं म्हणजे सकाळची वेळ चांगली होती. मेहुण्यांना रात्रपाळीच्या रविवारी दुपारी झोपायला मिळालं असतं. कंडक्टरला दोन्ही सारख्याच. फक्त पाववाल्याला भट्टीवरून तसंच, पिठाच्या अंगाने यावं लागलं असतं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय, मोटार सकाळीही जळते आणि दुपारीही. तुम्ही ठरवा."

आणि बाईंनी दुपार ठरवली.

कारण पाववाल्याचं सांगितलं. पण ते कारण नव्हतं. कारण बाईंना ठाऊक होतं, आणि ते कुठल्याच पेन्सिलीने रंगवण्यासारखं नव्हतं. आदल्या वर्षी बाईंचे वडील गेले. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाई घरात एकट्या उरल्या. आठवडा कामात जायचा. रविवारची सकाळ धुणं, बाजार, केर यांत जायची. पण जेवण झालं, भांडी पालथी घातली, की दुपारचे दोन वाजायचे आणि तिथून पुढे दिवस हलायचा नाही. वडील त्या वेळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाई डुलक्या घेत "हं, हं" करायच्या. आता ती खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. कुणाचं घर खायला उठतं म्हणतात, बाईंचं घर दर रविवारी अडीच वाजता उठायचं.

वेळ जाहीर करायला सगळ्यांना एका संध्याकाळी बोलावलं. डब्यांच्या कारखान्यातल्याने पाळीची अदलाबदल केली होती.

"रविवार, दुपारी अडीच ते साडेपाच," बाईंनी वाचून दाखवलं. "कुणाची अडचण?"

"छे छे," कंडक्टर म्हणाला. "पुढे चला, पुढे चला, जागा आहे."

सगळे हसले. मागून एक आवाज आला. "सकाळची नाही का जमणार?"

डब्यांच्या कारखान्यातला उभा राहिला होता. हातातली टोपी त्याने पिळून तिची दोरी केली होती.

"का? दुपारी काही काम असतं?" बाईंनी विचारलं. कागद समोरच होता. त्या चौकटी पांढऱ्या होत्या.

"काम... काम असं नाही."

"मग कुठे जायचं असतं?"

"जायचं नाही कुठे. घरीच असतो."

"अरे, मग झोपेचं बोल ना!" मोठा मेहुणा म्हणाला. "रविवारची दुपारची झोप बुडते म्हणून जीव कासावीस झालाय गड्याचा!"

"बायकोला विचारून सांगतो म्हण," धाकट्या मेहुण्याने री ओढली. पुन्हा सगळे हसले. तो लाल झाला, आणि खाली बसता बसता म्हणाला, "नाही, काही नाही. जमेल."

बाईंनी त्याच्या नावापुढे लिहिलं, "अडचण नाही."

---

वर्ग एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू झाला आणि बाईंचे रविवार भरून गेले.

जुनी जळकी तार उपसायची, ती फेकण्याआधी तिचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, खाचांत नवा कागद बसवायचा, मग नवीन तारेची वेटोळी भरायची. वेढे मोजताना बोलायचं नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. एक चुकला तर सगळं उपसून पुन्हा. त्यामुळे खोलीत नुसती कुजबुज चाले, "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस..." बाईंना तो आवाज देवळातल्या जपासारखा वाटे. सव्वापाचला त्या सगळ्यांना चहा द्यायच्या. नियमात तो नव्हता, बाई आपल्या खर्चाने करायच्या. चहा झाला की मास्तरांना जुन्या गोष्टी आठवायच्या आणि साडेपाचचे पावणेसहा, कधी सहा व्हायचे. कंडक्टर मात्र सहाच्या आत डेपो गाठायला सटकायचा. बाकीच्यांची कुरकुर नव्हती. बाईंची तर मुळीच नव्हती.

फक्त एकाची चुळबुळ चालायची. डब्यांच्या कारखान्यातला पाच वाजल्यापासून मान वळवून दारातून बाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागायचा. चहा घ्यायचा नाही. मास्तरांनी "झालं" म्हटलं, की हाताची काजळी न धुता जिना उतरायचा, दोन-दोन पायऱ्या ओलांडत. पाच-चाळीसची बस असायची, आणि तिच्यानंतरची सहा-वीसला. महिनाभरात त्याचं नाव 'घड्याळ्या' पडलं.

"घड्याळ्या, बायको छडी घेऊन उभी असते का रे दारात?"

"असते," तो म्हणायचा, आणि हसायचा.

हात मात्र त्याचा चांगला होता. मास्तर बाईंना म्हणाले, "या आठांत खरा कारागीर तोच. पण मन घरी ठेवून येतो."

जुलैमधल्या एका रविवारी, पाच वाजायच्या सुमारास, बाई खालून दूध घेऊन वर येत होत्या. जिन्यात दिवा नव्हता. मधल्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. एक बाई, मांडीवर पिशवी.

"कोण पाहिजे?"

ती गडबडून उभी राहिली. "कुणी नाही. वर डब्यांच्या कारखान्यातले शिकायला येतात ना, त्यांच्या घरातली मी."

"अहो, मग वर या ना! बोलावते त्यांना."

"नको नको!" तिने बाईंचा हात धरला. हात गरम होता. "वेढे मोजत असतील. मध्येच बोलावलं की चुकतं म्हणाले. मी नुसती बघायला आले. कुठे बसतात, काय करतात."

बाईंनी तिला वर आणून आपल्या खुर्चीत बसवलं. दारं अर्धवट लोटलेली होती. फटीतून घड्याळ्याची पाठ दिसत होती, मान खाली, बोटं चाललेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पाठीमागून बारीक झालेत."

"तुम्ही कामाला जाता का कुठे?" बाईंनी विचारायचं म्हणून विचारलं.

"जाते की. खासगी दवाखान्यात आया आहे. कायम रात्रीची. साडेसातला हजर व्हायचं, सकाळी साडेआठला सुटायचं. सव्वानऊला घरी येते. महिन्यातून दोन रात्री सुट्टी, त्यासुद्धा दुसरी आया आली तर."

बाईंचं डोकं आपोआप चालायला लागलं. सव्वानऊला घरी. रात्रभर जागलेली, म्हणजे दोनपर्यंत झोप. तो पावणेएकला कारखान्याला निघतो. ती पावणेसातला बाहेर पडते. तो रात्री सव्वाअकराला येतो.

"मग तुमची दोघांची भेट कधी होते हो?"

"सकाळी अर्धा तास. मी आल्यावर चहा होतो. पण मी डोळे मिटूनच पिते तो." ती हसली. "आणि रविवारी. दोनला मी उठते, पावणेसातला जाते. तेवढे तास असायचे. गच्चीवर चटई टाकून बसायचो. आमच्या खोलीत उजेड नाही ना, दिवसासुद्धा दिवा लागतो. हे माझ्या केसांतले पांढरे शोधायचे आणि मी म्हणायची, मोजू नका, चुकाल."

बाईंनी दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं.

"आता मी उठायच्या आत हे निघालेले असतात," ती म्हणाली. "वेळेवर सुटले तर सहा-चाळीसला येतात. पाच मिनिटं मिळतात. उशीर झाला की मी गेलेली असते. पण चालायचंच. प्रमाणपत्र मिळालं की घराखालीच दुकान टाकणारेत. मग मी रात्रीचं सोडणार. दोघांनी एका वेळी जेवायचं, बस्स, तेवढंच ठरवलंय आम्ही. चाळीस रविवार म्हणजे काय, जातील."

आत मास्तर म्हणाले, "झालं." त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली नाही, कारण चहा झालाच नव्हता. घड्याळ्या धावत बाहेर आला आणि दारातच थबकला.  काळे हात कुठे लपवावेत ते त्याला कळेना. तिने पिशवीतून फडकं काढून पुढे केलं.

बाई खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर आभाळ भरून दिवेलागणीसारखं अंधारलं होतं. ती दोघं रस्त्याने चालत गेली. त्याने पाच-चाळीसची बस सोडून दिली. तिला दवाखान्याकडे जाणारी बस सहा-पाचला होती. तोवर ती दोघं थांब्यावर उभी होती, नव्याने ओळख झालेल्या माणसांसारखी, मध्ये हातभर अंतर ठेवून.

---

त्या रात्री बाईंनी मार्चचा कागद काढला. दोन पांढऱ्या रांगा. सकाळी दहा ते एक, या वेळेत ती झोपलेली. तो नऊला निघून, ती उठायच्या वेळी परत आला असता. सकाळचा एक चहा सोडला तर त्या दोघांचं काहीही न बुडता वर्ग झाला असता.

बाईंनी ठरवलं, उद्याच मास्तरांना सांगायचं. उद्या सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे, सकाळ मोकळी असताना दुपार का घेतली, हेही आलं असतं. एक रविवार गेला. बाईंनी चहा करणं बंद केलं आणि "मास्तर, साडेपाच झाले," असं दारातून म्हणायला लागल्या. तेवढ्यावर मनाचं समाधान करून घेतलं. दुसरा रविवार गेला. मधल्या काळात त्यांनी सहज म्हणून सगळ्यांना विचारून घेतलं, की सकाळी यायला जमेल का. पण मार्चमधल्या पांढऱ्या चौकटी जुलैत पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. मेहुण्यांनी रविवारी सकाळी एका गोदामात हमाली धरली होती. "तुमचीच वेळ बघून धरली, बाई," थोरला म्हणाला. कंडक्टरची पाळी नव्या तक्त्यात अकरापर्यंत लांबली होती. पाववाल्याकडे रविवारची दुसरी भट्टी आली होती. वेळापत्रक एकदा भिंतीवर लागलं, की माणसं त्याच्याभोवती आपलं आयुष्य बांधतात. मग ते काढायला गेलं तर घराचा खांब काढल्यासारखं होतं.

तिसऱ्या रविवारनंतर बाई मास्तरांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. खुर्चीचं, वर्तमानपत्राचंसुद्धा.

मास्तरांनी बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "एवढंच ना? मी सकाळी येतो. त्या एकट्यासाठी. घरी बसून म्हातारीची बोलणीच खायची असतात."

बाईंनी हजेरीपटात नवीन पान घातलं. 'ब तुकडी. रविवार, सकाळी दहा ते एक. विद्यार्थी संख्या: एक.' घड्याळ्याला सांगितलं तेव्हा त्याने कारण विचारलं नाही. "बरं होईल," म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाईंच्या खांद्याकडे न बघता तोंडाकडे बघितलं.

ब तुकडीचा वर्ग एकदाच भरला.

ऑगस्टचा दुसरा रविवार. सकाळी तो आला, शिकला, एकला निघाला. जाताना सावकाश हात धुतले. दोनला घरी पोचला असेल. ती उठली असेल. चटई घेऊन ती दोघं गच्चीवर गेली. हे सगळं त्याने नंतर सांगितलं. चार महिन्यांनी त्याने तिला उन्हात पाहिलं. केसांतला पांढरा शोधायला म्हणून तिचं डोकं वळवलं आणि डोळ्यांकडे लक्ष गेलं. बुबुळांभोवतीचं सगळं पांढरं पिवळं झालेलं होतं. हळदीसारखं. ती म्हणाली, जागरणाचे डोळे आहेत. दवाखान्यात रात्री पिवळे दिवे, घरात पिवळा दिवा, जिन्यात अंधार. पिवळ्यात पिवळं कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी त्याने खाडा करून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात? दोन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं." काविळीने यकृत पार खाल्लं होतं. ज्या दवाखान्यात तिने नऊ वर्षं रात्री काढल्या, तिथल्या कुणी तिला उजेडात पाहिलंच नव्हतं. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. घड्याळ्याने बिनपगारी रजा घेतली. तेवढे सतरा दिवस ती दोघं सकाळ, दुपार, रात्र एका ठिकाणी होती. सप्टेंबर लागायच्या आत ती गेली.

तिच्या अंत्ययात्रेला मास्तर, मेहुणे, पाववाला, कंडक्टर, सगळे गेले होते. बाईही गेल्या.  थोरला मेहुणा परत येताना रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, "छडी घेऊन उभी असते म्हणायचो रे आपण." मग चालू लागला.

बाईंना वाटलं, तो आता यायचा नाही. चार रविवार सकाळी मास्तर दहाला येऊन बसत होते आणि बाराला उठून जात होते. पाचव्या रविवारी दुपारी अडीचला तो आला. इतरांबरोबर. आपल्या जुन्या बाकावर बसला, कागद कापून खाचांत बसवायला लागला. घड्याळाकडे त्याने एकदाही बघितलं नाही. साडेपाच झाले, सगळे गेले, तरी तो तार गुंडाळत होता.

बाई त्याच्याजवळ गेल्या. "तुमचं नाव सकाळच्या तुकडीत आहे," त्या म्हणाल्या. का म्हणाल्या कुणास ठाऊक. दुसरं काही सुचलं नाही.

"दुपारीच येत जातो, बाई. चालेल ना?" तो खाली बघत म्हणाला. "सकाळ कशीही जाते. दुपारी अडीचला घरी बसवत नाही."

बाईंनी बाकाचा कोपरा धरला.

"मला सांगायचंय काही," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये सकाळची वेळही मोकळी होती. सगळ्यांना जमत होती. मी दुपार घेतली. माझं घर दुपारी... मला बसवत नव्हतं म्हणून."

तो तार गुंडाळायचा थांबला. खालून दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, आता हा उठून जाईल, किंवा ओरडेल, आणि दोन्हीपैकी काहीतरी झालं तर बरं होईल.

"तुम्ही विचारलं होतं," तो म्हणाला. "अडचण आहे का म्हणून. माझंच तोंड उघडलं नाही. बायको जागी असते त्या वेळी, एवढंच म्हणायचं होतं. आठ माणसांत लाज वाटली."

मग त्याने रीळ पुन्हा हातात घेतलं. "कितीवर होतो? विसरलो."

"त्रेसष्ट," बाई म्हणाल्या. त्यांनी दारातून मोजले होते.

"चौसष्ट," तो म्हणाला आणि पुढे मोजू लागला. बाई त्याच्या समोर बसून राहिल्या, अंधार पडेपर्यंत.

---

ती तुकडी जानेवारीत परीक्षेला बसली आणि आठच्या आठ पास झाली.

मेहुण्यांनी टायरचा कारखाना सोडून भागीत दुकान काढलं, दोन वर्षांनी भांडले, पाच वर्षांनी समेट झाला. धाकटा आता नाही. थोरला त्याच्या मुलांना अजून धंदा शिकवतो. पाववाल्याने मोटारीला पुन्हा हात लावला नाही. बेकरीच विकत घेतली, आणि कणीक मळायचं यंत्र बंद पडलं की ते स्वतः उघडतो एवढाच शिक्षणाचा उपयोग झाला. कंडक्टर डेपोतच मेकॅनिक झाला. निवृत्त झाला त्या दिवशी त्याला निरोप द्यायला सगळा डेपो आला होता आणि तो म्हणाला म्हणे, "पुढे चला, जागा झाली." मास्तर त्या परीक्षेनंतर सहा वर्षांनी गेले, बाकावरच, मोजता मोजता. किती वेढ्यांवर, ते कुणाला कळलं नाही.

घड्याळ्याने ठरल्याप्रमाणे घराखाली दुकान टाकलं. हातात कला होती, नाव झालं. दुसरं लग्न केलं नाही. दुकानाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'रविवारी दुपारी दोन ते सात बंद.' लोक कुरकुरायचे, की ऐन सुट्टीच्या वेळी बंद कसलं ठेवतोस. शेजारी सांगत, त्या वेळी तो गच्चीवर असतो, चटई टाकून. करत काही नाही. बसतो. ज्या घरात दुपारी बसवत नव्हतं, तिथे बसायला त्याला किती वर्षं लागली, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

बाईंनी पुढे एकवीस वर्षं वर्गाची वेळापत्रकं केली. लाल, निळ्या, पिवळ्या पेन्सिली तशाच राहिल्या. फक्त अर्ज भरून घेताना सगळ्यांदेखत विचारणं त्यांनी सोडलं. एकेकाला टेबलाजवळ बोलवायच्या, दार लोटायच्या आणि शेवटी हळू आवाजात एक प्रश्न विचारायच्या, "त्या वेळी घरात कोण जागं असतं?" काही जण हसायचे. काही जण गप्प व्हायचे. जे गप्प व्हायचे, त्यांच्या चौकटीत बाई स्वतःच्या हाताने हिरवी पेन्सिल फिरवायच्या, आणि ती रांग कितीही सोयीची असली तरी सोडून द्यायच्या.

रविवारी दुपारचा वर्ग त्या तुकडीनंतर कधी भरला नाही. बाई ती वेळ घरी काढायच्या. वडिलांची खुर्ची त्यांनी भिंतीपासून ओढून खिडकीशी आणली होती. अडीच वाजले की वर्तमानपत्र घेऊन तिच्यात बसायच्या आणि मोठ्याने वाचायच्या.